कापलेले पैसे आणि अडकलेले पैसे

दहा रुपयांचे टॉप-अप मारले की खात्यात 7 रुपये 47 पैसे जमा होतात. उरलेले अडीच रुपये कंपनीने खाल्ले, अशी गावोगावच्या रिचार्जवाल्याची नेहमीची समजूत असते आणि गिऱ्हाइकाचा रागही आधी त्याच्यावरच निघतो. हिशेब मात्र सरळ आहे. दहा रुपयांत 18 टक्के जीएसटी आधीच धरलेला असतो, तो वजा केला की 8 रुपये 47 पैसे उरतात. प्रक्रिया शुल्क म्हणून टॉप-अपच्या किमतीच्या दहा टक्के किंवा तीन रुपये, यांतले जे कमी असेल ते घेण्याची मुभा ‘ट्राय’ने कंपन्यांना दिलेली आहे. दहावर एक रुपया गेला, राहिले 7.47. वीसच्या टॉप-अपला याच गणिताने 14.95 मिळतात आणि शंभरच्या टॉप-अपला 81.75.

ही कपात निदान पाटीवर लिहिता येते. खरी भांडणे होतात ती त्यानंतरच्या कपातीवरून. एका मिनिटाच्या आत फोन ठेवला आणि सहा रुपये गेले. डेटा वापरलाच नाही तरी पैसे गेले. काल रात्री नऊ रुपये दाखवत होते, सकाळी बारा झाले. या तक्रारींतली शेवटची फारशी कोणी करत नाही, कारण पैसे वाढल्यावर कोण कशाला तक्रार करील? पण बाकीच्यांचे उत्तर तिच्यातच दडलेले आहे.

प्रीपेड म्हणजे पैसे आधी आणि सेवा नंतर. म्हणजे ग्राहक बोलत असतानाच, त्याचे पैसे संपायच्या क्षणी कोणीतरी सेवा थांबवायला हवी. पोस्टपेडमध्ये हा प्रश्नच नसतो. तिथे महिनाभराच्या नोंदी गोळा करून शेवटी बिल काढता येते. प्रीपेडसाठी कंपनीकडे एक वेगळी यंत्रणा असते, तिला तांत्रिक भाषेत ‘ऑनलाइन चार्जिंग सिस्टिम’ म्हणतात. आपण तिला खातेयंत्रणा म्हणू. ग्राहकाचे सगळे पैसे, पॅकमधला डेटा, रोजचे एसएमएस, मुदती यांची खाती तिच्याकडे असतात. ग्राहकाचा डेटा मात्र तिच्यातून जात नाही. तो जातो गेटवे नावाच्या दुसऱ्याच यंत्रातून. मोजणारा एक आणि पैसे सांभाळणारा दुसरा, आणि दोघांमधला निरोपांचा व्यवहार हाच या गोष्टीचा गाभा.

लग्नघरातली कोठी ज्याने सांभाळली आहे त्याला हा व्यवहार लगेच कळेल. आचाऱ्याला लागेल तसे तेल कोठीतून डब्याडब्याने दिले जाते. डबा संपला की आचारी सांगतो, एवढे खपले, आणखी द्या. कोठीवाल्याच्या वहीत डबा ‘दिला’ म्हणून लागतो, पण त्यातले कढईत किती गेले हे आचारी सांगेपर्यंत त्याला ठाऊक नसते.

खातेयंत्रणाही गेटवेला असाच मोजून वाटा देते. ग्राहकाने डेटा चालू केला की गेटवेकडून पहिली विचारणा जाते: हा नंबर, ही सेवा, परवानगी आहे का? यंत्रणा दर काढते, खाते बघते आणि समजा 10 एमबीचा वाटा मंजूर करते. तेवढ्याचे पैसे खात्यातून कापले जात नाहीत, ते राखून ठेवले जातात. वाटा संपत आला की गेटवे मधली विचारणा पाठवते: एवढे वापरले, पुढचा वाटा हवा. तेव्हा वापरलेल्याचे पैसे खरोखर कापले जातात आणि नवा वाटा राखला जातो. डेटा बंद झाला की शेवटचा निरोप जातो, शिल्लक राखीव रक्कम सुटते आणि सत्र मिटते. या निरोपांची भाषा ठरलेली आहे. ‘डायमीटर’ नावाच्या नियमावलीतला उधारी-नियंत्रणाचा भाग 2005 साली पहिल्यांदा प्रसिद्ध झाला आणि 2019 मध्ये सुधारला गेला. 5जीच्या नव्या गाभ्यात निरोप वेबच्या पद्धतीने जातात, पण वाटा द्यायचा आणि हिशेब मागायचा ही रीत तीच राहिली आहे.

आता एक उदाहरण पैशापैशाने पाहू. पुण्यात शिकणाऱ्या एका मुलीकडे साधा प्लॅन आहे, डेटा पॅक नाही. तिने वीसचे टॉप-अप मारले, खात्यात 14.95 आले. तिचा दर धरू कॉलला सेकंदाला अडीच पैसे आणि डेटाला एमबीमागे पन्नास पैसे. तिने मोबाइल डेटा चालू केला. यंत्रणेने 10 एमबीचा वाटा दिला आणि पाच रुपये राखले. वापर अजून जवळजवळ शून्य आहे. तेवढ्यात तिने आईला फोन लावला. कॉलसाठीही तोच प्रकार होतो, फक्त वाटा वेळेचा असतो. समजा 120 सेकंद मंजूर झाले, म्हणजे आणखी तीन रुपये राखीव. या घडीला खात्यातून एक पैसाही कापलेला नाही, पण आठ रुपये अडकलेले आहेत.

आई म्हणाली, नंतर करते. फोन 47 सेकंदांत संपला. 47 गुणिले अडीच पैसे म्हणजे 117.5 पैसे, वर पूर्णांकित करून 1 रुपया 18 पैसे. कॉलचे राखलेले तीन रुपये सुटले, 1.18 कापले गेले आणि खात्यात 13.77 राहिले. पण डेटाचे पाच रुपये अजून राखीवच आहेत. कॉल संपल्यावर येणाऱ्या संदेशात राखीव वगळून शिल्लक दाखवायची पद्धत असेल, तर तिच्या स्क्रीनवर 8.77 असा आकडा येतो. आधी 14.95 होते. वजाबाकी तिने मनातल्या मनात केली: 47 सेकंदांच्या कॉलला 6 रुपये 18 पैसे! तिच्या जागी कोणीही चिडले असते.

अर्ध्या तासाने तिने डेटा बंद केला. तोवर 3 एमबी वापरले गेले होते, त्याचे दीड रुपया. राखलेल्या पाचातले साडेतीन रुपये परत आले आणि शिल्लक 12.27 झाली. म्हणजे आकडा आपोआप वाढला. कोणी पैसे भरले नाहीत, कोणी परतही केले नाहीत, फक्त अडकलेले सुटले.

चूक कपातीत नाही, दाखवण्यात आहे. खाते 13.77 आहे हेही खरे आणि त्यातले 8.77 मोकळे आहेत हेही खरे. दोन्ही आकडे एकाच संदेशात दाखवले तर निम्म्या तक्रारी मिटतील असे वाटते. पण एक ओळीच्या संदेशात ‘शिल्लक’ हा एकच शब्द बसवायचा हट्ट कंपन्या सोडत नाहीत. त्यातून गोंधळ वाढतो तो असा, की एखाद्या कंपनीचे अॅप एक आकडा दाखवते आणि नंबर डायल करून मागवलेला संदेश दुसरा.

राखीव पैसे नेहमी इतक्या सुबकपणे सुटतात असेही नाही. ग्राहकाने डेटा नीट बंद केला तर शेवटचा निरोप लगेच जातो. पण तो ताम्हिणी घाटात रेंजबाहेर गेला किंवा बॅटरी एकाएकी संपली, तर सत्र संपल्याचे नेटवर्कला तडक कळत नाही. म्हणून प्रत्येक वाट्याला मुदत घातलेली असते. त्या मुदतीत हिशेब आलाच नाही तर यंत्रणा स्वतःच सत्र संपले असे धरते आणि राखीव रक्कम सोडते. नियमावलीत ही वाट पाहण्याची मर्यादा म्हणून वाट्याच्या मुदतीची दुप्पट सुचवलेली आहे. वाटा एक तासाचा असेल तर पैसे दोन तास अडकून राहू शकतात. मधल्या काळात बऱ्याच यंत्रणा आणखी एक सोय ठेवतात: वाटा बराच वेळ वापरलाच गेला नाही तर गेटवे तो आपणहून परत करते. ही सोय लावलेली आहे की नाही, आणि किती वेळाची, हे कंपनीगणिक बदलते.

वाटा किती मोठा द्यायचा, यावर या यंत्रणा बसवणाऱ्या माणसांत कायम ओढाताण असते. लहान वाटा दिला तर हिशेब ताजा राहतो, पण 1 एमबीच्या वाट्याने 1 जीबी वापरणाऱ्या एका ग्राहकासाठी हजार विचारण्या येतात. ग्राहक कोट्यवधी असतील तर यंत्रणा त्यातच गुदमरते. मोठा वाटा दिला तर निरोप कमी, पण पैसे जास्त अडकतात. खात्यात चारच रुपये असतील आणि डेटाने ते सगळे राखून ठेवले असतील, तर फोन लागत नाही. कानावर ‘आपल्या खात्यात पुरेशी शिल्लक नाही’ हे वाक्य पडते आणि अॅपमध्ये चार रुपये डोळ्यांसमोर दिसत असतात. यावर कंपन्यांचा उपाय म्हणजे शिल्लक कमी होत जाईल तसा वाटा लहान करत जाणे. ग्राहकाच्या हातातला उपाय त्याहून सोपा आहे: डेटा बंद करायचा, मिनिटभर थांबायचे आणि फोन लावायचा.

रोज दीड जीबीचा पॅक असलेल्यांना पैशांची ही भानगड दिसत नाही, पण तीच गोष्ट त्यांना मध्यरात्री दुसऱ्या वेषात भेटते. रोजचा कोटा रात्री बाराला नव्याने मिळतो. समजा कोणी अकरा पन्नासपासून सिनेमा पाहतो आहे. अकरा पंचावन्नला गेटवेला 100 एमबीचा वाटा मिळाला. त्यातले 40 एमबी बाराच्या आत आणि 60 एमबी बारानंतर वापरले गेले, आणि हिशेब गेला बारा वाजून दहा मिनिटांनी. हे 100 एमबी कोणत्या दिवसाचे? नियमावलीत याचे उत्तर आहे. वाटा देतानाच यंत्रणा गेटवेला दर बदलण्याची वेळ कळवू शकते. मग गेटवे बाराच्या आधीचा वापर आणि नंतरचा वापर वेगवेगळा मोजून देते. पण ही खूण पाठवलीच नसेल, तर सगळे 100 एमबी हिशेब आला त्या दिवसाच्या, म्हणजे नव्या दिवसाच्या कोट्यातून जातात. ग्राहक म्हणतो, दिवस सुरू होऊन दहा मिनिटे झाली आणि 100 एमबी गेले कसे? चाळीस एमबीपुरते त्याचे म्हणणे बरोबर असते.

तक्रारींचा आणखी एक मोठा गठ्ठा असतो तो ‘मी काहीच केले नाही’ या प्रकारातला. ग्राहकाने खरेच काही केलेले नसते, त्याच्या फोनने केलेले असते. याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण आयफोनचे. आयमेसेज किंवा फेसटाइम चालू करताना नंबर खरोखर त्याच सिमचा आहे ना, हे तपासण्यासाठी फोन गुपचूप एक एसएमएस पाठवतो. भारतातून तो बहुधा ब्रिटनमधल्या क्रमांकावर जातो, त्यामुळे त्याला आंतरराष्ट्रीय एसएमएसचा दर लागतो. बऱ्याच प्लॅनांत तो पाच रुपयांच्या घरात असतो. पाठवलेल्या संदेशांच्या यादीत हा एसएमएस दिसत नाही. सिम बदलले, फोन नव्याने सुरू केला किंवा सॉफ्टवेअर अद्ययावत केले की तो पुन्हा जाऊ शकतो. महिन्या-दोन महिन्यांनी नेमके पाच रुपये जात असतील आणि हातात आयफोन असेल, तर चोर बहुतेक खिशातच आहे.

यूपीआयच्या अॅपांचेही असेच. नवे अॅप बसवताना बँकेशी नंबर जोडण्यासाठी फोनवरून एक एसएमएस जातो. तो गेल्याशिवाय नोंदणी पुढे सरकत नाही. प्लॅनमध्ये रोजचे शंभर एसएमएस मोफत असले तरी त्यांतून काही क्रमांक वगळलेले असतात. मग पैसे मुख्य शिल्लकीतून जातात. आणि मुख्य शिल्लक शून्य असेल, जशी ती अमर्याद कॉलचा पॅक घेणाऱ्या बहुतेकांची असते, तर एसएमएस जातच नाही. यूपीआय ‘पडताळणी अयशस्वी’ म्हणते आणि ग्राहक बँकेला दोष देत बसतो.

इथे खातेयंत्रणेचे एक काम समजून घ्यावे लागते. एकाच नंबरची अनेक खाती असतात: मुख्य शिल्लक, रोजचा डेटा, वरून घेतलेला जादा डेटा, एसएमएस, एखाद्या ठरावीक अॅपसाठी दिलेला डेटा. प्रत्येक वापराच्या वेळी यंत्रणा आधी पाहते की हा वापर कोणत्या प्रकारचा, मग क्रमाने पाहते की कोणत्या खात्यातून घ्यायचा. क्रम माणसांनी भरलेला असतो. सहसा आधी संपणारे आणि जास्त ठरावीक खाते आधी, मुख्य शिल्लक सर्वांत शेवटी. नवा प्लॅन बाजारात आणताना हा क्रम चुकीचा भरला गेला, तर रोजचा कोटा तसाच पडून राहतो आणि पैसे देऊन घेतलेला जादा डेटा आधी उडतो. ही चूक एका ग्राहकाची नसते, त्या प्लॅनवरच्या सगळ्यांची असते. म्हणूनच ती लवकर सापडते.

याउलट, जी चूक खरोखर दुहेरी कपात करते ती एकेकट्या ग्राहकाला गाठते आणि सापडायला अवघड असते. गेटवेने हिशेब पाठवला, यंत्रणेने पैसे कापले, पण उत्तर वाटेत हरवले. गेटवे थोडा वेळ वाट पाहते (नियमावलीत त्यासाठी दहा सेकंद सुचवलेले आहेत) आणि तोच हिशेब पुन्हा पाठवते, बऱ्याचदा खातेयंत्रणेच्या दुसऱ्या, जोडीच्या यंत्राकडे. हा निरोप दुसऱ्यांदा पाठवला आहे अशी खूण त्यावर असते. सत्राचा क्रमांक आणि निरोपाचा अनुक्रमांकही तोच असतो. दुसऱ्या यंत्राने हे जुळवून पाहिले तर ते पुन्हा कापत नाही. पण पहिल्या यंत्रातली नोंद दुसऱ्यापर्यंत तोवर पोहोचली नसेल, तर तेच पैसे दोनदा जातात. याची खूण ओळखता येते: तपशिलात एकाच रकमेच्या, एकाच सेवेच्या दोन नोंदी, काही सेकंदांच्या अंतराने.

खातेयंत्रणा साफ बंद पडली तर काय करायचे, हेही आधी ठरवलेले असते. गेटवेला दोन मार्ग असतात: सेवा तोडायची किंवा चालू ठेवायची. चालू ठेवली तर त्या काळातला वापर नोंदींत साठतो आणि यंत्रणा जागी झाल्यावर काही कंपन्या तो खात्यातून वळता करतात. ग्राहकाच्या दृष्टीने मात्र दुपारी दोनला, फोन टेबलावर पडलेला असताना, आठ रुपये जातात. ते पैसे सकाळच्या कॉलचे असतात. कपात न्याय्य असते, पण सांगितली न गेल्यामुळे चोरीसारखी दिसते.

तक्रार करण्याआधी थोडा शोध घरीच घेता येतो. मोबाइल डेटा बंद करून दोन तास ठेवावा आणि मग शिल्लक पाहावी. आकडा वर गेला तर पैसे अडकलेले होते, गेलेले नव्हते. गेलेली रक्कम नेहमी तीच असेल तर एसएमएस किंवा एखादी चालू करून ठेवलेली सशुल्क सेवा असण्याचा संभव जास्त. अशा सेवा बंद करण्यासाठी 155223 हा सर्व कंपन्यांना समान क्रमांक आहे. सेवा सुरू करण्यापूर्वी ग्राहकाची दोनदा संमती घेणे ‘ट्राय’ने 2013 पासून बंधनकारक केले आहे. तेव्हा संमतीची नोंद दाखवा, असे हक्काने विचारता येते.

एवढ्याने उलगडा झाला नाही तर वापराचा तपशील मागवावा. प्रीपेड ग्राहकालाही मागच्या सहा महिन्यांचा कॉलवार तपशील मागता येतो, हे फार थोड्यांना माहीत असते. ‘ट्राय’च्या 2012 च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार कंपनीने तो तीस दिवसांत द्यायचा असतो आणि त्यासाठी पन्नास रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाहीत. तीन रुपयांच्या कपातीसाठी पन्नास रुपये मोजायला कोणी तयार होत नाही, आणि या नियमाचे दुबळेपण नेमके तिथेच आहे. पण कपात वारंवार होत असेल, तर तारीख, वेळ, सेवा आणि रक्कम असलेला तो कागद हाच एकमेव पुरावा असतो. स्क्रीनशॉटवरचा शिल्लकीचा आकडा तसा पुरावा नाही, कारण तो राखीव धरून आहे की वगळून, हे त्यावर लिहिलेले नसते.

तक्रार 198 वर नोंदवावी, तक्रार क्रमांक लिहून घ्यावा. उत्तराने समाधान झाले नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे त्या क्रमांकानिशी दाद मागता येते, तिथे शुल्क लागत नाही. आणि बोलताना ‘पैसे गेले’ एवढेच न म्हणता एक नेमका प्रश्न विचारावा: ही रक्कम कापलेली आहे की राखीव, आणि कोणत्या सत्रासाठी?